वांगी-टोमॅटोवरची शिंगवाली अळी: कुंडीखालच्या लेंड्या आणि पाठीवरचे पांढरे कोष

ऐरोलीतील आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी गेली काही वर्षे ग्रो बॅगमध्ये वांगी आणि टोमॅटो लावतो. या रोपांवर पावसाळा ओसरू लागला की एक तक्रार न चुकता उद्भवते. आदल्या संध्याकाळी भरगच्च दिसणाऱ्या वांग्याच्या शेंड्याकडची तीन-चार पाने सकाळी नाहीशी झालेली असतात, केवळ देठ आणि मधली जाड शीर उरलेली असते, आणि खालच्या फरशीवर काळपट हिरवे दाणे विखुरलेले असतात. रोप उलटसुलट करून पाहिले तरी अपराधी सापडत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत बाल्कनीत भाजीपाला लावणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडूनही हीच तक्रार ऐकू येते, आणि बहुतेक जण अळी न पाहताच कीटकनाशकाची बाटली उघडतात. त्यात दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे फरशीवरचे दाणे वाचायचे राहून जातात, आणि दुसरी, अधिक महाग चूक म्हणजे जी अळी तशीच ठेवायला हवी तीच आधी मारली जाते.

प्रथम अळीविषयी. इंटरनेटवर शोध घेतल्यास टोमॅटोवरच्या शिंगवाल्या अळीची जी छायाचित्रे समोर येतात, ती बहुधा अमेरिकेतील दोन प्रजातींची असतात: लाल शिंग आणि कुशीवर सात तिरप्या पांढऱ्या रेघा असलेली तंबाखूवरची अळी, आणि गडद निळसर-काळे शिंग व इंग्रजी व्ही अक्षरासारख्या आठ खुणा असलेली टोमॅटोवरची अळी. या दोन्ही मँड्युका या प्रजातिगटातील असून आपल्याकडे आढळत नाहीत. आपल्या वांग्यावर आणि टोमॅटोवर सापडणारी मोठी अळी साधारणतः अकेरॉन्शिया स्टिक्स या पतंगाची असते. पाठीवर कवटीसारखी आकृती असलेला आणि मधासाठी मधमाश्यांच्या पोळ्यात शिरणारा हाच तो मोठा पतंग. शेतकऱ्यांना ही अळी तिळावरची म्हणून अधिक परिचित आहे, परंतु वांगी, टोमॅटो, बटाटा, धोत्रा आणि जुई यांवरही ती वाढते. ज्यांच्या बाल्कनीत जुईचा वेल आणि वांगी शेजारी शेजारी आहेत, त्यांनी दोन्हीकडे पाहावे. तिचा रंग हिरवा, पिवळसर किंवा तपकिरी असू शकतो, कुशीवर सात तिरपे पट्टे असतात, आणि शेपटीकडचे शिंग खरखरीत असून आधी खाली वळते व टोकाला पुन्हा किंचित वर उचललेले असते. हे शिंग म्हणजे नांगी नव्हे. त्यात विष नसते आणि अळी त्याने काहीही टोचू शकत नाही.

पूर्ण वाढलेली अळी नऊ-दहा सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढी जाड होते, आणि एवढा मोठा जीव डोळ्यांसमोर असूनही दिसू नये याचे अनेकांना आश्चर्य वाटते. दिवसा ती पानाच्या खालच्या बाजूला, देठाला समांतर, पाय घट्ट रोवून निश्चल बसते आणि पुढचा भाग उचलून धरते. तिरपे पट्टे पानाच्या शिरांसारखे दिसत असल्याने तिचा सलग आकार नजरेला जाणवत नाही. म्हणून अळीचा शोध अळीपासून सुरू न करता फरशीपासून सुरू करणे सोयीचे असते.

लेंड्या वाचणे

शिंगवाल्या अळीची लेंडी ओळखणे अवघड नाही. ती लहान पिंपासारखी, दोन्ही टोकांना बोथट असते, आणि तिच्यावर उभ्या खाचा असतात. भिंगातून पाहिल्यास अशा सहा खाचा मोजता येतात, कारण अळीच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सहा घड्या असतात आणि लेंडी त्या साच्यातून दाबली जाऊन बाहेर पडते. पालीच्या लेंडीच्या टोकाला पांढरा खडूसारखा ठिपका असतो, उंदराची लेंडी दोन्हीकडे निमुळती आणि गुळगुळीत असते, तर अळीच्या लेंडीत यांपैकी काहीही नसते. ती पाण्यात टाकून बोटाने दाबली की पानाचे बारीक चावलेले तुकडे सुटे होतात.

आकार अधिक उपयोगी आहे. लेंडीचा आकार अळीच्या आकाराबरोबर वाढतो, त्यामुळे फरशीवर खसखशीएवढे दाणे दिसत असतील तर अळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची आहे, मोहरीएवढे असतील तर ती मध्यम वाढीची आहे, आणि मिरीएवढे किंवा त्याहून मोठे दाणे दिसू लागले तर ती शेवटच्या अवस्थेत पोहोचली आहे, असे समजावे. हा शेवटचा टप्पा फार महत्त्वाचा आहे. शिंगवाली अळी तिच्या संपूर्ण आयुष्यात जेवढे खाते त्यातील बहुतांश भाग ती कात टाकण्याच्या शेवटच्या टप्प्यानंतर खाते. म्हणूनच दोन आठवडे काहीच जाणवत नाही आणि मग एका रात्रीत अर्धे रोप गेल्यासारखे वाटते. अळी एका रात्रीत आलेली नसते, ती एका रात्रीत दिसू लागलेली असते.

ताजी लेंडी ओलसर आणि हिरवी असते, ऊन लागले की काही तासांत ती काळी व कडक होते. सकाळी सातच्या सुमारास फरशीवर दोन्ही रंगांच्या लेंड्या असतील तर अळी अजून रोपावरच आहे, याची खात्री बाळगावी. सगळ्याच काळ्या आणि कोरड्या असतील तर ती दुसऱ्या फांदीवर किंवा मातीत गेलेली असू शकते. भर पावसात ही पद्धत चालत नाही, कारण लेंड्या विरघळून हिरवट डाग तेवढे उरतात. तेव्हा आदल्या रात्री कुंडी छताखाली सरकवावी आणि रोपाखाली प्लास्टिकचे ताट ठेवावे.

मी करतो ती पद्धत अशी. संध्याकाळी फरशी झाडून रोपाखाली पांढरा कागद अंथरतो, कडेला दगड ठेवतो, आणि सकाळी कागदावर लेंड्यांचा सर्वांत दाट भाग कोठे आहे ते पाहून पेन्सिलने तेथे खूण करतो. त्या खुणेच्या थेट वर, साधारण वीतभराच्या घेरात, प्रत्येक पानाची खालची बाजू आणि प्रत्येक देठ पाहायचे. पंख्याची किंवा खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याची झुळूक असेल तर लेंड्या आपटून उडी मारतात आणि ठिकाण फूटभर सरकते, म्हणून शांत रात्र निवडावी. बॅटरी रोपाच्या खालून वर धरली की पान प्रकाशात झिरझिरीत दिसते आणि अळीची जाड सावली वेगळी उठून येते. ज्या फांदीवर पानांऐवजी नुसते देठ आहेत, तिच्या खाली अळी नसून वर असते. ती खात खात शेंड्याकडे सरकलेली असते.

येथे एक सावधगिरी. वांग्यात शेंडे व फळे पोखरणारी अळी वेगळी असते, ती लहान व गुलाबीसर असून फांदीच्या किंवा फळाच्या आत राहते आणि तिची विष्ठा छिद्राच्या तोंडाशी दिसते. शेंडा कोमेजून मान टाकत असेल तर ती तिची खूण आहे, शिंगवालीची नाही. पुढचे सारे विवेचन बाहेर उघड्यावर पाने खाणाऱ्या मोठ्या अळीविषयी आहे.

पाठीवर काहीच नसेल तर

सापडलेल्या अळीची पाठ आणि दोन्ही कुशी आधी नीट पाहाव्यात. त्यांवर काहीही नसेल तर अळी काढून टाकण्यात संकोच करण्याचे कारण नाही, कारण एक मोठी अळी कुंडीतील टोमॅटोचे रोप दोन-तीन दिवसांत उघडे करू शकते. ओढून काढू नये, ती मागच्या पायांनी फांदीला इतकी घट्ट चिकटते की ओढताना तिचे शरीर फाटते. शेपटीकडून हळूच बोटाने ढकलावे म्हणजे ती स्वतःहून पाऊल उचलते, किंवा ती बसलेले पान देठासकट कात्रीने कापावे. ती डोके झटकते, तोंडातून हिरवट द्रव काढते, पण माणसाला इजा करत नाही. मग ती साबणाच्या पाण्यात टाकावी, किंवा मारायची इच्छा नसेल तर इमारतीच्या आवाराबाहेर उगवलेल्या धोत्र्यावर सोडावी. धोत्रा विषारी असल्याने त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

फवारणीबद्दल माझे मत असे आहे की मोजक्या कुंड्यांवरच्या मोठ्या अळीसाठी फवारणीची गरजच पडत नाही. बीटी जिवाणूची पावडर, किंवा लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे काही थेंब मिसळून, लहान अळीवर संध्याकाळी फवारले तर उपयोग होतो, कारण दोन्हीही अळीने पान खाल्ल्यावर काम करतात. नऊ सेंटिमीटरच्या अळीवर मात्र दोन्हींचा परिणाम अल्प असतो, आणि ती तेवढ्यात आणखी दोन फांद्या संपवते. रासायनिक कीटकनाशकांचा तोटा निराळाच आहे, आणि तो समजण्यासाठी पांढऱ्या कोषांकडे वळावे लागेल.

पाठीवर पांढरे दाणे दिसले तर

मागील ऑक्टोबरची गोष्ट. ऑगस्टच्या अखेरीस वांग्यावर एक अळी मिळाली होती, सप्टेंबरच्या मध्यास दुसरी, आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोमॅटोच्या खाली पुन्हा लेंड्या आल्या. त्या मोहरीएवढ्या होत्या आणि, हे नंतर लक्षात आले, सगळ्या काळ्या व कोरड्या होत्या. ताजी हिरवी एकही नव्हती. खुणेच्या वर शोधल्यावर सहा सेंटिमीटरची अळी मिळाली, पण तिच्या पाठीवर आणि कुशीवर तांदळाच्या बारीक कणीसारखे, पांढरे शुभ्र, उभे चिकटलेले दाणे होते. मी मोजले, ते त्रेचाळीस भरले. शेजारच्या काकू पाणी घालायला वर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “अहो, ही तर अंडी आहेत! फुटली की सगळी गच्ची अळ्यांनी भरेल, आत्ताच चिरडा.”

काकूंची शंका स्वाभाविक होती आणि बहुतेकांची तीच असते, परंतु अळी अंडी घालत नाही. अंडी घालण्याचे काम पतंगाचे असते, आणि तो ती पानाच्या खाली एकेकटी घालतो, ती गोलसर आणि फिकट हिरवी असतात. अळीच्या अंगावरचे पांढरे दाणे अंडी नसून रेशमी कोष असतात, आणि ते या अळीचेही नसतात. मराठीत एक घोटाळा होतो. अळी मातीत जाऊन ज्या तपकिरी, कडक कवचात पतंग होते त्यालाही आपण कोषच म्हणतो. ते कोष निराळे, हे निराळे. हे पांढरे कोष ब्रॅकोनिड कुळातील अगदी लहान परोपजीवी माशीचे असतात. गांधीलमाशीची ही दूरची नातलग सुमारे तीन मिलिमीटर लांब असून माणसाला डंख करत नाही.

या नात्याचा सर्वाधिक बारकाईने अभ्यास अमेरिकेतील तंबाखूवरची अळी आणि कोटेशिया काँग्रेगाटा ही माशी या जोडीवर झालेला आहे. पुढे आत काय घडते याचे वर्णन त्या जोडीचे आहे. आपल्याकडच्या शिंगवाल्या अळ्यांवर याच कुळातील, पण वेगळ्या प्रजातींच्या माश्या येतात, त्यामुळे दिवसांची संख्या थोडी मागेपुढे होते, मूळ घटनाक्रम मात्र तोच राहतो.

मादी माशी अळी लहान असतानाच तिच्या अंगात सुईसारखा अवयव खुपसून आत पुष्कळ अंडी सोडते. अंड्यांबरोबर ती एक विषाणूही सोडते. हा विषाणू माशीच्या स्वतःच्या जनुकांत पिढ्यानपिढ्या वास करून असतो आणि तिच्या अंडाशयात तयार होतो. एरवी अळीच्या रक्तातील पेशी परक्या वस्तूभोवती गोळा होऊन तिला गुंडाळून मारतात, परंतु विषाणूमुळे ही प्रतिकारशक्ती मंदावते आणि अंडी सुरक्षित राहतात. त्यातून निघालेल्या माशीच्या अळ्या शिंगवालीचे रक्त आणि साठवलेले अन्न यांवर वाढतात, महत्त्वाच्या अवयवांना हात लावत नाहीत. या काळात अळी बाहेरून जवळजवळ नेहमीसारखी दिसते आणि खातही असते, फक्त तिची वाढ मंदावते. साधारण दोन आठवड्यांनी माशीच्या अळ्या तिच्या कातडीला भोके पाडून बाहेर येतात आणि तेथेच, काही तासांत, प्रत्येक जण आपला पांढरा रेशमी कोष विणतो.

आता मुद्द्याची बाब. माशीच्या अळ्या बाहेर येण्याच्या सुमारासच शिंगवाली अळी खाणे थांबवते. तिच्या रक्तात ऑक्टोपामाइन नावाच्या रसायनाचे प्रमाण वाढते, त्यामुळे तिच्या अन्ननलिकेच्या पुढच्या भागाची हालचाल आणि खाण्याची प्रेरणा मंदावते, आणि नंतर ती पुन्हा कधीही खाऊ लागत नाही. पतंग होण्यासाठी लागणारा संप्रेरकांचा समतोलही बिघडलेला असतो, म्हणून ती मातीत उतरत नाही. ती जिवंत असते, डिवचले तर डोके झटकते, परंतु आपल्या टोमॅटोच्या दृष्टीने तिचा उपद्रव संपलेला असतो. माझ्या कागदावर ताजी हिरवी लेंडी एकही का नव्हती, याचा उलगडा येथे होतो. ज्या अळीच्या पाठीवर पांढरे कोष आहेत ती आणखी एकही पान खाणार नाही, म्हणून ती मारून रोपाला काहीच मिळत नाही, उलट तिच्या पाठीवरच्या चाळीस माश्या जातात, आणि त्याच माश्या पुढच्या लहान अळ्यांना शोधणार असतात.

कीटकनाशकाचा तोटा तो हाच. मोठी अळी फवारा काही काळ सहन करते, पण तीन मिलिमीटरची माशी पहिल्या स्पर्शातच मरते. फवारलेल्या गच्चीवर पुढच्या खेपेस येणाऱ्या अळीला मग कोणी शत्रू उरत नाही, आणि तक्रार दरवर्षी अधिक तीव्र होत जाते. फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांचे नुकसान होते ते वेगळेच.

मी काकूंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “पण ती माझ्या मिरचीवर चालत आली तर?” चालत ती फार जात नाही, बहुतेक वेळा ती त्याच फांदीवर राहते. आमच्या अळीने आठ दिवसांत दोन पानांपलीकडे मजल मारली नाही.

नेमके काय करावे आणि काय करू नये

कोष असलेल्या अळीला हाताने उचलू नये, कारण कोष नाजूक धाग्याने चिकटलेले असतात आणि ओरबाडले की गळून पडतात. जागेवरच ठेवणे सर्वोत्तम. त्या रोपावर, आणि शक्य असल्यास संपूर्ण गच्चीवर, किमान दहा दिवस काहीही फवारू नये, निंबोळी तेलही नाही. रोपाला पाणी नळीच्या फवाऱ्याने न घालता मातीत घालावे. साळुंकी आणि कावळे अळी उचलून नेतात, तर मुंग्या कोष पळवतात, आणि पक्ष्यांपेक्षा मुंग्यांचा त्रास अधिक असतो. कुंडीच्या बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसत असेल तर कुंडी पाणी भरलेल्या ताटात विटेवर ठेवावी, म्हणजे त्यांची वाट तुटते. फांदी दुसऱ्या रोपाला किंवा भिंतीला टेकलेली नसावी, एरवी पाण्याचा खंदक निरुपयोगी ठरतो.

ज्या घरात अळी दिसली की लहान मुले घाबरतात किंवा कोणाला ती नकोच असते, तेथे ती बसलेली फांदी कापून सावलीच्या कोपऱ्यात, त्याच रोपांच्या जवळ, एखाद्या रिकाम्या कुंडीत ठेवावी. बरणीत बंद करू नये, कारण माश्या बाहेर आल्यावर अडकून मरतात. कुतूहलापोटी बरणी वापरायचीच असेल तर तोंडाला सुती कापड बांधावे, आत ओल ठेवू नये, आणि माश्या निघाल्याबरोबर त्या टोमॅटोजवळ सोडाव्यात.

माझ्या अळीवरील कोषांतून सहाव्या दिवशी माश्या निघाल्या. कोषाच्या वरच्या टोकाला वर्तुळाकार झाकण कापलेले दिसते आणि ते बिजागरीवर उघडल्यासारखे लटकत राहते. ही माश्या व्यवस्थित बाहेर पडल्याची खूण आहे. त्रेचाळीसपैकी पाच कोषांवर झाकण नव्हते, बाजूला वेडेवाकडे बारीक भोक होते. तेथून बाहेर पडली ती मूळ माशी नव्हे, तर त्या माशीवरही जगणारी दुसरी परोपजीवी माशी. हा प्रकार निसर्गात नेहमीचा आहे आणि त्यावर आपण काही करू शकत नाही, करण्याची गरजही नाही. आठव्या दिवशी अळी सुरकुतली आणि काळी पडू लागली. तेव्हा ती कुंडीतच मातीत पुरली. कोष उघडण्यापूर्वी मात्र अळी मेलेली दिसली तरी तिला हलवू नये, कारण कोषांना अळी जिवंत असण्याची गरज नसते.

ओळखण्यात फसगत कोठे होते, हे सांगणे आवश्यक आहे. पिठ्या ढेकणाचा पांढरा मेणकट कापूस पानाच्या बेचक्यात आणि देठावर असतो, अळीच्या अंगावर नसतो. दाबला की तो चिकट होतो. मेलेल्या अळीवर बुरशीची पांढरी साय आली असेल तर ती सर्वांगावर पसरलेली असते, तिच्यात वेगवेगळे दाणे मोजता येत नाहीत. डोक्यामागे चपटे, कातडीला घट्ट बसलेले दोन-चार पांढरे ठिपके असतील तर ती टॅकिनिड माशीची अंडी असण्याची शक्यता असते. ती माशीही अळीची शत्रूच आहे, पण अंडी नुकतीच घातलेली असल्याने अळी अजून खात राहते. अशा अळीला मारण्याऐवजी पानांसह जाळीच्या डब्यात वेगळे ठेवावे. याखेरीज काही ब्रॅकोनिड माश्या कोष अळीच्या पाठीवर न विणता तिच्या शेजारी पानावर कापसाच्या बोळ्यासारखे एकत्र विणतात. शेजारी सुस्त पडलेली अळी असेल तर तो बोळाही तसाच राहू द्यावा.

एक मर्यादाही सांगतो. कोष नसलेल्या अळीकडे पाहून ती आतून पोखरली गेली आहे की नाही, हे बाहेरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून “माश्या येतील” या आशेवर मोठी, निरोगी, मिरीएवढ्या ताज्या लेंड्या टाकणारी अळी रोपावर राहू देणे हे रोपाच्या जिवावर बेतते. एखादी अळी इतरांपेक्षा मागे पडली असेल, आणि गच्चीवर नुकतेच कोष उघडले असतील, तर तिला वेगळ्या कुंडीतल्या फालतू वांग्यावर ठेवून आठवडाभर पाहण्यास हरकत नाही. आम्ही त्यासाठी जुने, फळ न धरणारे एक वांगे मुद्दाम राखून ठेवले आहे.

पुन्हा पुन्हा का येते

तक्रार दरवर्षी उद्भवण्याचे एक कारण कुंडीतील मातीत आहे. पोट भरलेली निरोगी अळी रंगाने मळकट होते, रोपावरून खाली उतरते, फरशीवर भटकते आणि सापडेल त्या कुंडीच्या मातीत शिरून कोषावस्थेत जाते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यातून पतंग निघतो आणि अंधार पडताच आसपासच्या वांग्यावर अंडी घालतो. हंगाम संपल्यावर रोप उपटून तीच माती तशीच पुन्हा वापरली तर काही कोष तिच्यातच राहतात. ते ग्रो बॅगच्या तळापर्यंत गेलेले असू शकतात, म्हणून वरची माती खुरपण्याने भागत नाही. पिशवी ताडपत्रीवर पूर्ण उपडी करून ढेकळे फोडावीत. चकचकीत तपकिरी, पाच-सहा सेंटिमीटर लांब, शेपटीकडचा भाग हलवणारा कोष सापडला तर तो याच अळीचा. तो काढून टाकावा, तेथे दयामाया नको. ऑक्टोबरनंतर मी तीन पिशव्या उपड्या केल्या तेव्हा एकीत दोन कोष मिळाले, आणि त्या पिशवीत टोमॅटो नव्हे, अळू होते.